रकान्यातला शून्य

मार्च २०२४ मध्ये आकारणीचा आदेश आला तेव्हा बाईंनी मान खाली घालून कर भरला. सप्टेंबरमध्ये दंडाचा आदेश आला तेव्हा मात्र त्यांना रडू कोसळलं. कर १,४५,६०० रुपयांचा होता, दंड २,९१,२०० रुपयांचा, म्हणजे बरोबर दुप्पट. आदेशात इंग्रजीत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ इतकाच निघत होता की, तुम्ही उत्पन्नाची खोटी माहिती दिली. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला कुणी पहिल्यांदाच खोटारडी ठरवलं होतं.

या बाई कल्पित आहेत, पण त्यांचं प्रकरण तसं नाही. घर विकलं, दुसरं घेतलं, सवलत मागितली, एक अट चुकली, सवलत गेली आणि मागून दंड आला, अशी प्रकरणं करसल्लागारांकडे नेहमी येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कर तर भरला, मग आता दंडावर काय भांडायचं?’ भांडता येतं. मात्र भांडण कशावर करायचं हे आधी नीट कळायला हवं, कारण कर देणं लागतं की नाही हा एक प्रश्न आहे आणि उत्पन्न लपवलं की नाही हा दुसरा. पहिल्यात हरलेला माणूस दुसऱ्यात जिंकू शकतो. बाईंच्या प्रकरणात तो दुसरा प्रश्न कसा उभा राहतो ते पायरीपायरीने पाहू.

घर, फ्लॅट आणि मधले सात लाख

ऑक्टोबर २०२१ मध्ये बाईंनी गावाकडचं जुनं घर विकलं. खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून धरल्यावर भांडवली नफा निघाला १२ लाख रुपये. राहतं घर विकून आलेला नफा ठरावीक मुदतीत दुसऱ्या घरात घातला तर प्राप्तिकर कायद्याचं कलम ५४ त्यावरचा कर माफ करतं. विकत घ्यायचं असेल तर दोन वर्षं, बांधायचं असेल तर तीन वर्षं, अशी ही मुदत आहे. बाईंनी एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत २८ लाखांचा फ्लॅट घेतला, करारनामा नोंदवला आणि बिल्डरला ५ लाखांचा चेक दिला. नफ्यातले उरलेले ७ लाख त्यांनी त्याच बँकेत मुदत ठेवीत ठेवले. डिसेंबरमध्ये पुढचा स्लॅब पडला, बिल्डरने पैसे मागितले आणि ठेव मोडून त्यांनी ते सात लाखही दिले.

सामान्य माणसाच्या हिशेबाने यात काहीच चुकलं नाही. सगळा नफा घरात गेला आणि तोही चौदा महिन्यांत. पण कलम ५४ मध्ये आणखी एक अट आहे. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत नफ्यातली जी रक्कम घरात गेलेली नाही, ती बँकेतल्या साध्या खात्यात ठेवून चालत नाही. त्यासाठी ‘कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम’ नावाचं वेगळं खातं आहे, आणि पैसे त्यात टाकावे लागतात. बाईंच्या वर्षासाठी ही तारीख ३१ जुलै २०२२ होती. त्या दिवशी सात लाख मुदत ठेवीत होते.

विवरणपत्र त्यांनी २६ जुलैला भरलं. त्यातल्या भांडवली नफ्याच्या तक्त्यात घर विकल्याची तारीख, नव्या घराची किंमत, कराराची तारीख आणि मागितलेली सवलत असं सगळं होतं. ‘कॅपिटल गेन्स खात्यात भरलेली रक्कम’ या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं. हा शून्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरणार आहे.

प्रकरण छाननीला निघालं. करनिर्धारण अधिकाऱ्याने पाच लाखांची सवलत मान्य केली आणि सात लाखांची नाकारली. सात लाखांवर २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून १,४५,६०० रुपये, शिवाय व्याज, असा हिशेब झाला. आदेशाबरोबर त्याच दिवशी दंडाची नोटीसही आली होती. बाईंनी एप्रिलमध्ये कर भरला आणि नोटिशीला दोन ओळींचं उत्तर दिलं: ‘कर भरला आहे. कृपया प्रकरण बंद करावे.’

हे उत्तर पुढे त्यांच्यावरच उलटलं. दंडाच्या आदेशात अधिकाऱ्याने लिहिलं की करदात्याने आकारणीविरुद्ध अपील केलं नाही, कर निमूट भरला, म्हणजे सवलत चुकीची असल्याचं मान्य केलं.

‘लपवणे’ या शब्दाचं काय झालं

बाईंच्या मनातला बचाव सरळ आहे: ‘मी काही लपवलं नाही.’ जुन्या कायद्यात हा बचाव जवळजवळ जसाच्या तसा चालायचा. कलम २७१(१)(सी) दोन गोष्टींसाठी दंड सांगत होतं, उत्पन्नाचा तपशील लपवणं किंवा चुकीचा तपशील देणं. दंड करचुकवेगिरीच्या रकमेच्या एकपट ते तिप्पट असे.

त्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आजही प्रत्येक अपिलात येतात. पहिला २०१० चा, रिलायन्स पेट्रोप्रॉडक्ट्सचा. कंपनीने व्याजाच्या खर्चाची वजावट मागितली आणि ती नाकारली गेली. न्यायालयाने सांगितलं की कायद्यात न टिकणारी मागणी केली म्हणजे चुकीचा तपशील दिला असं होत नाही. विवरणपत्रातले आकडे खरे असतील, तर नुसती मागणी फेटाळली गेल्याने दंड लागत नाही. दुसरा २०१२ चा, प्राइस वॉटरहाउस कूपर्सचा. ग्रॅच्युइटीसाठी केलेली सुमारे पावणेचोवीस लाखांची तरतूद वजावट म्हणून चालत नाही, असं त्यांच्याच कर-लेखापरीक्षण अहवालात लिहिलेलं होतं. तरी विवरणपत्र भरताना ती रक्कम उत्पन्नात परत मिळवायची राहून गेली. न्यायालयाने विचार केला तो असा: ज्याला लपवायचं असतं तो विवरणपत्रासोबतच्या अहवालात तीच गोष्ट उघड करून ठेवील का? ही माणसाच्या हातून होणारी चूक होती, आणि दंड रद्द झाला.

पण आकारणी वर्ष २०१७-१८ पासून हे कलम मागे पडलं आणि कलम २७०-ए आलं. नव्या कलमात ‘लपवणे’ हा शब्द दंडाच्या दारावर उरलाच नाही. तिथे दोन पायऱ्या आहेत. पहिली, उत्पन्न कमी दाखवणं. आधी दाखवलेल्या उत्पन्नापेक्षा आकारणीत जास्त उत्पन्न निघालं की ही पायरी आपोआप गाठली जाते आणि दंड कराच्या ५० टक्के होतो. दुसरी, उत्पन्नाची खोटी माहिती देऊन ते कमी दाखवणं. इथे दंड २०० टक्के. बाईंच्या हिशेबात पहिली पायरी ७२,८०० रुपयांची आहे आणि दुसरी २,९१,२०० रुपयांची.

म्हणून ‘मी लपवलं नाही’ एवढंच वाक्य आता पुरत नाही. अधिकारी उलट विचारतो, ‘लपवलं म्हणतंय कोण? उत्पन्न कमी दाखवलंत ना?’ आणि ते खरंच असतं. बाहेर पडायची वाट पोटकलम ६ मध्ये आहे. करदात्याने स्पष्टीकरण दिलं, ते प्रामाणिक असल्याचं अधिकाऱ्याला किंवा अपील ऐकणाऱ्याला पटलं, आणि त्या स्पष्टीकरणाला लागणाऱ्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी करदात्याने उघड केल्या होत्या, तर ती रक्कम ‘कमी दाखवलेल्या उत्पन्नात’ धरायची नाही. ‘लपवलं नाही’ हा जुना बचाव आता या दोन अटींच्या रूपाने जगतो आहे: हेतू प्रामाणिक आणि माहिती उघड. दोन्ही सिद्ध करायची जबाबदारी करदात्याची. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला असला, तरी बाईंच्या वर्षासारखी आधीची प्रकरणं जुन्या कायद्याच्या कलमांनीच चालतात.

हुकलेला अर्ज

अपिलाकडे वळण्याआधी बाईंच्या हातून निसटलेली एक संधी पाहायला हवी, कारण ती पुष्कळांच्या हातून निसटते. कलम २७०-एए सांगतं की आकारणीतला कर आणि व्याज डिमांड नोटिशीच्या मुदतीत भरलं, आकारणीविरुद्ध अपील केलं नाही आणि फॉर्म ६८ मध्ये अर्ज केला, तर दंडातून माफी मिळू शकते. अर्जाची मुदत आकारणीचा आदेश ज्या महिन्यात मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून एक महिना. बाईंसाठी ती ३० एप्रिल २०२४ होती. त्यांनी कर भरला, अपील केलं नाही, पण अर्जही केला नाही. तीन अटींपैकी दोन पाळल्या आणि तिसरी त्यांना कुणी सांगितलीच नाही.

अर्ज केला असता तरी एक अडचण आलीच असती. ही माफी ‘खोटी माहिती’च्या पायरीवर मिळत नाही, आणि बाईंच्या नोटिशीत नेमका तोच शब्द होता. पण दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये श्नायडर इलेक्ट्रिकच्या एका कंपनीच्या प्रकरणात असा नकार रद्द केला होता. खोट्या माहितीचा शब्द वापरला आहे, पण ती कोणत्या प्रकारची खोटी माहिती याचा उल्लेखच नाही, एवढ्या आधारावर माफी अडवता येणार नाही, असं त्या निकालाचं सार आहे. हाच मुद्दा बाईंच्या अपिलातही कामाला येतो.

अपील वेगळं, मुदत वेगळी

दंडाचा आदेश हा स्वतंत्र आदेश असतो. त्याच्याबरोबर स्वतंत्र डिमांड नोटीस येते आणि त्याविरुद्ध स्वतंत्र अपील करावं लागतं. एखाद्याने आकारणीविरुद्ध आधीच अपील केलेलं असलं तरी ते दंडाला लागू पडत नाही. अनेकांना वाटतं की आपलं प्रकरण वरती चालूच आहे, आणि दंडाच्या अपिलाची मुदत निघून जाते. आकारणीचं अपील जिंकलं आणि वाढवलेलं उत्पन्नच रद्द झालं, तर दंडाला पायाच उरत नाही हे खरं. पण त्या निकालाला वर्षं लागू शकतात, आणि तोवर दंडाची वसुली थांबून राहत नाही.

मुदत आहे डिमांड नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस. बाईंना आदेश १८ सप्टेंबर २०२४ ला मिळाला, म्हणजे १८ ऑक्टोबरपर्यंत. उशीर झाला तर सबळ कारण देऊन तो माफ करून घेता येतो, पण अपिलाची सुरुवात क्षमायाचनेने होते. अपील प्राप्तिकर पोर्टलवर फॉर्म ३५ मध्ये भरायचं. फी उत्पन्नानुसार ठरते आणि ती जास्तीत जास्त १,००० रुपये आहे. सोबत दंडाचा आदेश, डिमांड नोटीस आणि फीचं चलन जोडायचं.

फॉर्ममध्ये दोन जागा महत्त्वाच्या आहेत. एकात प्रकरणाची हकिकत लिहायची आणि दुसऱ्यात अपिलाची कारणं. बाईंनी घाबरून जे पहिलं लिहून काढलं त्यात तीन पानं एकच गोष्ट होती: सवलत मिळायलाच हवी होती, कारण पैसे शेवटी घरातच गेले. वाचायला ते पटतं, पण या अपिलात ते चालत नाही. सवलतीचा प्रश्न आकारणीच्या आदेशात संपला, आणि तो आदेश त्यांनी मान्य केला. दंडाच्या अपिलात तोच वाद पुन्हा उकरून काढला तर अपील ऐकणारे आयुक्त एका ओळीत सांगतील की हा विषय आमच्यासमोर नाही, आणि खरा मुद्दा त्या तीन पानांत हरवून जाईल.

म्हणून कारणं पुन्हा लिहिली ती तीनच.

पहिलं: स्पष्टीकरण प्रामाणिक आहे आणि सगळी माहिती विवरणपत्रात उघड होती, म्हणून पोटकलम ६ प्रमाणे ही रक्कम दंडाच्या हिशेबात धरताच येत नाही. इथे तो शून्य उपयोगी पडतो. कॅपिटल गेन्स खात्यात पैसे टाकले नाहीत हे अधिकाऱ्याने शोधून काढलं नव्हतं. बाईंनीच ते विवरणपत्रात लिहून दिलं होतं. ज्या त्रुटीमुळे सवलत गेली ती त्रुटी पहिल्या दिवसापासून सरकारच्या पोर्टलवर होती.

दुसरं: ही ‘खोटी माहिती’ नव्हेच. कलम २७०-ए चं पोटकलम ९ खोट्या माहितीचे सहा प्रकार देतं. त्यात वस्तुस्थिती दडपणं किंवा विपर्यस्त सांगणं, गुंतवणूक हिशेबवहीत न नोंदवणं, पुराव्याशिवाय खर्च दाखवणं, खोटी नोंद करणं, मिळालेली रक्कम न नोंदवणं, आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार न कळवणं हे येतं. बाईंचं प्रकरण यातल्या कशात बसतं हे ना नोटिशीत होतं, ना आदेशात.

तिसरं पर्यायी कारण: पहिली दोन्ही कारणं मान्य झाली नाहीत, तरी फार तर ५० टक्क्यांची पायरी लागेल, २०० ची नाही. हे कारण लिहायला लोक कचरतात, आपणच अर्धा गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं म्हणून. पण आयुक्तांना दंड कायम करण्याचा, रद्द करण्याचा, वाढवण्याचा आणि कमी करण्याचाही अधिकार आहे. कमी करायचा तर कशाच्या आधारावर, हे त्यांच्या हाती देणं अपील करणाऱ्याचं काम आहे.

प्रामाणिकपणा कागदावर कसा दिसतो

‘मला माहीत नव्हतं’ हे एकटं स्पष्टीकरण दुबळं आहे, कारण कायदा माहीत असणं गृहीत धरलं जातं. प्रामाणिकपणा पटवायला कृती दाखवावी लागते. बाईंकडे तशा चार गोष्टी होत्या. करारनामा विवरणपत्राच्या तीन महिने आधी नोंदवलेला होता. सात लाख कुठे फिरले नाहीत, विक्रीच्या खात्यातून ठेवीत आणि ठेवीतून चेकने थेट बिल्डरकडे गेले, हे बँकेच्या पासबुकावरून दिसत होतं. ठेवीचं व्याज त्यांनी उत्पन्नात दाखवलं होतं. आणि छाननीत विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला त्यांनी सांगितलं होतं की पैसे मुदत ठेवीत होते. हे सगळे कागद छाननीच्या वेळीच दाखल झालेले होते, आणि तेच बरं. अपिलात अगदी नवा पुरावा द्यायचा तर नियम ४६-ए आडवा येतो, आणि तो आधी का दिला नाही याचं कारण द्यावं लागतं.

पाचवी गोष्ट कायद्यातून आली. कॅपिटल गेन्स खात्याच्या या अटीवर न्यायालयांचंच एकमत नाही. गुवाहाटी, कर्नाटक आणि पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयांनी ‘विवरणपत्राची मुदत’ म्हणजे उशिरा विवरणपत्र भरण्याची वाढीव मुदतही, असा उदार अर्थ लावला आहे. त्या अर्थाने बाईंसाठी ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत वेळ होता आणि डिसेंबरमधला चेक वेळेत बसतो. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र २०१६ मध्ये कलम ५४-एफ च्या एका प्रकरणात कडक अर्थ लावला. विवरणपत्र भरण्यापर्यंत घरात न गेलेली आणि त्या खात्यातही न टाकलेली रक्कम सवलतीला मुकते, असं त्या निकालाचं सार आहे. सातारा मुंबईच्या अधिकारक्षेत्रात येतं, म्हणून सवलतीच्या भांडणात बाई बहुधा हरल्याच असत्या. पण एकाच वाक्याचे दोन अर्थ उच्च न्यायालयं लावतात, तेव्हा त्यातला एक अर्थ धरून चाललेल्या निवृत्त शिक्षिकेला अप्रामाणिक कसं म्हणायचं? कर वसूल करायला जो निकाल पुरतो, तो दंड लावायला पुरतोच असं नाही, आणि या फरकावरच त्यांचं अपील उभं राहतं.

आदेशातलं ‘अपील केलं नाही म्हणजे मान्य केलं’ हे वाक्यही इथे खोडता येतं. आकारणीतले निष्कर्ष दंडाच्या कामात विचारात घेता येतात, पण ते अंतिम नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० पासून सांगितलेलं आहे. पुढे कायदा बदलून स्पष्टीकरणाची जबाबदारी करदात्यावर आली हे खरं, पण दंडाचं कारण दंडाच्या आदेशातच दाखवलं पाहिजे हे बदललेलं नाही. माणूस अनेक कारणांनी कर भरून मोकळा होतो: रक्कम लहान असते, वय झालेलं असतं, वकिलाचा खर्च परवडत नाही. भरलेला कर म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे.

नोटिशीतली फट

दुसऱ्या कारणाला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात बसलेल्या पूर्णपीठाचा ११ मार्च २०२१ चा निकाल बळ देतो. जुन्या कलमाखाली दंडाच्या नोटिशीचा एक छापील नमुना असे, त्यात ‘लपवलं’ आणि ‘चुकीचा तपशील दिला’ असे दोन्ही पर्याय असत. जो लागू नाही तो खोडायचा, आणि अधिकारी तो खोडतच नसत. पूर्णपीठाने ठरवलं की न खोडलेली नोटीस म्हणजे आरोप काय ते न सांगणारी नोटीस, आणि आकारणीच्या आदेशात कारण स्पष्ट लिहिलेलं असलं तरी नोटिशीतला दोष भरून निघत नाही. नव्या कलमाखाली सहापैकी प्रकार न सांगणाऱ्या नोटिशींविरुद्ध हाच युक्तिवाद चालवला जातो.

पण नुसत्या या फटीवर अपील टांगू नये. तो तांत्रिक मुद्दा आहे, आणि नव्या कलमातल्या नोटिशीला तो किती लागू होतो हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरू शकतं. गाभ्याचा मुद्दा प्रामाणिक स्पष्टीकरणाचा, आणि नोटिशीचा मुद्दा त्याच्या जोडीला.

वसुली आणि ई-मेल

अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही. करनिर्धारण अधिकाऱ्याकडे स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. विभागाच्या २०१७ च्या सूचनेप्रमाणे वादातल्या रकमेच्या २० टक्के भरल्यावर बाकीची वसुली साधारणपणे अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबवली जाते. बाईंसाठी हे ५८,२४० रुपये होतात. स्थगिती न घेतल्यास पुढच्या वर्षांचे परतावे या दंडात वळते होण्याची शक्यता असते.

पहिलं अपील आता चेहराविरहित चालतं. देशात कुठेतरी बसलेल्या आयुक्तांकडे ते पोर्टलवरून जातं, नोटीस ई-मेलवर येते, उत्तर पोर्टलवर द्यायचं आणि सुनावणी हवी असेल तर ती व्हिडिओवर मागायची. अशा अपिलात हरण्याचं एक साधं कारण म्हणजे नोटीस न पाहणं. फॉर्म ३५ मध्ये जो ई-मेल दिला तो सल्लागाराच्या कार्यालयातल्या, नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा निघतो, तीन नोटिशी तिथेच पडून राहतात आणि ‘करदात्याने उत्तर दिलं नाही’ म्हणून दंड कायम होतो. म्हणून स्वतःचा ई-मेल द्यावा आणि तो स्वतः उघडावा.

आयुक्तांनी अपील फेटाळलं तर पुढचा टप्पा प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाचा. सातारकरांसाठी त्याचं पुणे खंडपीठ. तिथली मुदत, आयुक्तांचा आदेश ज्या महिन्यात मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून दोन महिने.

हा बचाव कुठे थांबतो

बाईंचा बचाव टिकाऊ आहे, पण तो सगळ्यांना मिळत नाही. बाईंनी त्या रकान्यात शून्याऐवजी ७ लाख लिहिलं असतं, तर? सवलत तीच, पैसे तेच, घर तेच. पण खात्यात पैसे टाकले हे विधान सपशेल खोटं ठरलं असतं, आणि दुसऱ्या पायरीच्या पहिल्याच प्रकारात ते अलगद बसलं असतं. असे आकडे लोक खरंच भरतात, कारण ‘तो रकाना रिकामा ठेवला तर सवलत अडकते’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा एमएके डेटाचा निकाल ही हद्द दाखवतो. तपासणीत कागद सापडल्यानंतर कंपनीने सुमारे ४० लाखांचं उत्पन्न ‘शांतता हवी म्हणून’ कबूल केलं आणि दंड नको म्हणून मागणी केली. न्यायालयाने ती मानली नाही. पकडल्यानंतर दिलेली कबुली आणि आपणहून दिलेली माहिती एकच नव्हे. बाईंनी कर निमूट भरला आणि या कंपनीनेही कबुली दिली, पण बाईंची माहिती अधिकाऱ्याच्या आधी आलेली होती आणि कंपनीची नंतर.

म्हणून दंडाच्या अपिलाचं भवितव्य बरंचसं अपील लिहिण्याच्या दिवशी ठरत नाही. ते ठरतं विवरणपत्र भरण्याच्या दिवशी, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पोर्टल रडतखडत चालत असताना, एखाद्या रकान्यात काय लिहायचं हे कुणी दोन मिनिटांत ठरवतं तेव्हा. बाईंना त्या रकान्याचा अर्थ कळला नव्हता. तिथे लिहायला काही नव्हतं, म्हणून गणिताच्या सवयीने त्यांनी शून्य लिहिलं. त्या शून्यामुळे त्यांची सवलत गेली, आणि २,९१,२०० रुपयांच्या आदेशासमोर उभं राहायला त्यांच्याकडे सगळ्यात भक्कम कागद आहे तोही तोच.